घर नवऱ्याच्या नावावर, घटस्फोट चालू: बायकोने बाहेर पडायचं का?

सांजवात: फ्लॅट नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर आहे. सहा वर्षं गृहकर्जाचे हप्ते माझ्या पगाराच्या खात्यातून गेलेत. आता त्याने घटस्फोटाचा अर्ज केलाय आणि म्हणतो, "घर माझं, तू माहेरी जा." मी राहू शकते का? हिस्सा मिळेल का?

रानवारा: लग्नानंतर घेतलं ना? मग अर्धं तुझंच! आमच्या गोव्यात तसाच कायदा आहे.

कातळ: गोव्यात असेल, महाराष्ट्रात नाही. ज्याचं नाव त्याचं घर. मी स्वतः भोगतोय. हप्ता मी भरतो, घरात ती राहते, मी भाड्याच्या खोलीत. याला न्याय म्हणायचं?

जुनी सनद: कौटुंबिक न्यायालयात बरीच वर्षं वकिली केली, म्हणून लिहितो. कातळ, मालकीचं तुमचं बरोबर आहे. आपल्याकडे लग्नामुळे आपोआप अर्धा वाटा मिळत नाही. पण राहण्याचा हक्क मालकीवर अवलंबून नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 17 नुसार संसार जिथे झाला त्या घरातून बायकोला कायदेशीर मार्गाशिवाय काढता येत नाही. घटस्फोटाचा नुसता अर्ज पडल्याने हा हक्क जात नाही. हुकूमनामा झाल्यावर मात्र तो टिकेलच असं नाही.

सांजवात, कुलूप बदललं तर तोही आर्थिक छळच. दंडाधिकाऱ्यांकडे कलम 12 खाली अर्ज करा आणि त्यातच फ्लॅट विकायला अंतरिम मनाई मागा. बहुतेक जणी हे मागायचं विसरतात आणि निकालाआधीच घर विकलं जातं.

अबोली: माझं घर सासऱ्यांच्या नावावर आहे, मलाही हे लागू होईल?

जुनी सनद: पूर्वी अशा घरांना नकार मिळायचा. 2020 मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ बदलला. तुम्ही तिथे खरोखर संसार केला असेल तर मागणी करता येते. पण सासू-सासऱ्यांच्या हक्काचाही विचार होतो, कधी दुसरीकडे भाड्याच्या घराची सोय करून देतात.

कातळ: आणि हप्त्यांचं काय? तिने भरले ते संसाराला हातभार म्हणून. मी किराणा भरला, त्याचा हिस्सा मागू?

सांजवात: किराणा भरून घर उभं राहत नाही. डाउन पेमेंटला माझ्या बांगड्या मोडल्या, सराफाची पावती आहे.

जुनी सनद: ती पावती जपा. बांगड्या हे तुमचं स्त्रीधन. जोडीदाराच्या नावावर घेतलेलं घर पैसा उघड मार्गाने आला असेल तर बेनामी ठरत नाही, त्यामुळे मालकीचा दावा लावता येतो. पण पैसे घर घेण्यासाठी दिले की घरखर्चात मदत म्हणून, यावरच सगळी लढाई होते, आणि कातळ म्हणतात तोच मुद्दा समोरचा वकील मांडेल. सहाही वर्षांचे बँकेचे उतारे आत्ताच काढा.

कातळ: उतारे माझ्याकडेही आहेत. तरीही घराबाहेर मीच आहे.