सुरक्षेचं नाव घेतलं की निर्यातबंदीला कुणी हातच लावायचा नाही का?

गंगापूररोडकर
जागतिक व्यापार संघटनेच्या गॅट करारात कलम २१ आहे. देशाला स्वतःच्या सुरक्षेसाठी जे आवश्यक वाटेल ते तो करू शकतो, असं त्यात लिहिलंय. मग डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी असो, चीनने चिपसाठी लागणाऱ्या गॅलियम धातूला लावलेला निर्यात परवाना असो, की जपानने कोरियाला जाणारी रसायनं अडवली ते असो, सगळंच त्यात बसतं. तंटा ऐकणाऱ्या जिनिव्हातल्या पॅनेलने विचारायचं तरी काय? मला हा कोरा चेक वाटतो.

पिंपळगावचा उन्हाळी
कोरा चेकच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, ८ डिसेंबरला सरळ बंदी. लासलगावचे लिलाव बंद पडले, आंदोलनं झाली, पण बाहेरच्या एका देशाने तरी पॅनेल मागितलं का? अन्नसुरक्षा हीसुद्धा राष्ट्रीय सुरक्षाच, असं म्हटलं की विषय संपतो.

कलमवाचक
पिंपळगावकर, तुमचा क्रम बरोबर आहे, पण त्यातली एकही गोष्ट कलम २१ मध्ये जात नाही. शुल्क, किमान मूल्य आणि बंदी या तिन्हींना कायदाही एकसारखा लागत नाही, आणि शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हे कळून घेण्यासारखं आहे.

कलम ११ मध्ये आयात-निर्यातीवर बंदी, कोटा, परवाना अशी संख्येची आडकाठी घालायला मनाई आहे. शुल्क आणि कर मात्र त्यातून वगळलेले आहेत. म्हणून ४० टक्के शुल्काला कलम ११ लागतच नाही. शेतकऱ्याच्या भावावर परिणाम तोच होतो, पण करारात ते चालतं. किमान निर्यात मूल्याचं तसं नाही. ठरलेल्या भावाखाली माल बाहेर जाऊ न देणं म्हणजे निर्बंधच, हे १९८८ मध्ये जपानच्या अर्धवाहकांच्या प्रकरणात पॅनेलने सांगितलं. पूर्ण बंदीबद्दल तर वादच नाही.

बंदी वाचवायची तर सुरक्षेकडे जावं लागत नाही. कलम ११ मध्येच एक सवलत आहे: अन्न किंवा अत्यावश्यक वस्तूंची गंभीर टंचाई टाळायला तात्पुरती निर्यातबंदी. त्यातले ‘तात्पुरती’ आणि ‘गंभीर’ हे दोन्ही शब्द पॅनेल स्वतः तपासतं. चीनने बॉक्साइटच्या निर्यातीवर कोटा लावला होता, तेव्हा अपील मंडळाने २०१२ मध्ये टंचाई संकटाच्या पातळीची हवी आणि उपाय मुदतीचा हवा, असं म्हटलं. आता आपल्या कांद्याकडे बघा. बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत म्हणून आली. मुदत संपायच्या आत ती ‘पुढील आदेशापर्यंत’ झाली आणि ४ मे रोजी उठली, तीही टनाला ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. ‘पुढील आदेशापर्यंत’ हे शब्द आले तिथे तात्पुरतेपणाचा बचाव कमकुवत झाला. तक्रार कुणी केली नाही म्हणून उपाय नियमात बसला, असं होत नाही.

गंगापूररोडकर
कांदा वेगळा, मान्य. पण खऱ्या सुरक्षेच्या उपायात ‘आवश्यक मानतो’ हे शब्द आहेतच ना?

शरणपूर_वकील
मी गंगापूररोडकरांच्या बाजूने. कलमाचे शब्द आहेत ‘जी कारवाई तो देश आवश्यक मानतो’. मानणारा देश आहे, पॅनेल नाही. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वाच्या निकालात गॅटच्या या शब्दरचनेचा मुद्दाम उल्लेख केला होता. समोरच्या मैत्री करारात नुसतं ‘आवश्यक’ आहे, गॅटसारखं ‘आवश्यक मानतो’ असं नाही, म्हणून न्यायालय तपासू शकतं, असा तो तर्क होता. उलट वाचला तर गॅटमध्ये तपासता येत नाही. शिवाय कलम २१ च्या पहिल्याच पोटकलमानुसार सुरक्षेला बाधक माहिती द्यायची सक्ती कुणावर करता येत नाही. कागदच नसतील तर पॅनेल तपासणार काय?

कलमवाचक
वकीलसाहेब, निकाराग्वाचा दाखला खरा आहे. पण न्यायालय दुसऱ्या कराराचा अर्थ लावत होतं, कलम २१ चा नाही. आणि तुम्ही वाक्य अर्ध्यावर सोडलंत. ‘आवश्यक मानतो’च्या पुढे तीन फाटे आहेत: अणुविखंडनाचे पदार्थ, शस्त्रव्यापार आणि लष्कराला पुरवठा करण्यासाठी चाललेला इतर मालाचा व्यापार, आणि युद्धाच्या किंवा आंतरराष्ट्रीय संबंधांतल्या इतर आणीबाणीच्या काळात केलेली कारवाई. देशाने नुसतं मानलं की भागत असेल, तर हे फाटे लिहायची गरज काय होती?

एप्रिल २०१९ मध्ये रशिया-युक्रेन पारगमन प्रकरणात पॅनेलने नेमकं हेच धरलं. रशियाने २०१६ पासून युक्रेनचा कझाकस्तान आणि किर्गिझस्तानला जाणारा माल थेट जाऊ दिला नाही. तो बेलारूसमार्गेच यायचा, ओळखीचं सील लावून. रशियाचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं: कलम २१ म्हटलं की पॅनेलने फाइल मिटायची.

पॅनेलने फाइल मिटली नाही. आणीबाणी आहे की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, तो आम्ही बघणार, असं त्याने ठरवलं. सशस्त्र किंवा सुप्त संघर्ष, वाढलेला तणाव, देशाला वेढणारी अस्थिरता यांना आणीबाणी म्हणता येईल; नुसते राजकीय किंवा आर्थिक मतभेद पुरत नाहीत. दोन्ही देशांतली २०१४ पासूनची परिस्थिती जगजाहीर होती, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही तिची दखल घेतली होती. म्हणजे गुप्त कागद न मागताही तपासणी झाली. उपाय त्याच काळातला आहे का, ही तारखांची गोष्ट.

इथपर्यंत पॅनेल कडक आहे. पुढे हात सैल होतो. कोणतं सुरक्षाहित ‘अत्यावश्यक’ हे देशच ठरवतो, फक्त प्रामाणिकपणे. परिस्थिती युद्धाच्या जितकी जवळ, तितकं कमी बोलून भागतं. जितकी लांब, तितकं जास्त समजावून सांगावं लागतं. आणि उपाय त्या हिताशी अगदीच असंबद्ध नसला म्हणजे झालं. तो खरंच गरजेचा होता का, दुसरा सौम्य मार्ग होता का, हे पॅनेल विचारतच नाही. ‘मानतो’ या शब्दाचं वजन पडतं ते इथे. रशिया जिंकला. चेक कोरा नाही, पण दरवाजातून आत गेल्यावर आत फारसं कुणी अडवत नाही.

पिंपळगावचा उन्हाळी
म्हणजे शेवटी अडवणारा देशच जिंकतो. मग वेगळं काय झालं?

कलमवाचक
नाही दादा, हरलेलेही आहेत. सौदी आणि कतारचं प्रकरण बघा, जून २०२०. तिथे कलम बौद्धिक संपदा कराराचं होतं, पण शब्द तेच. जून २०१७ मध्ये सौदीने कतारशी संबंध तोडले, ती आणीबाणी पॅनेलने मान्य केली. कतारच्या बीइन वाहिनीला सौदी वकील मिळू न देणारे उपायही चालले, कारण कतारशी कसलाच संपर्क नको या हिताशी त्यांचा संबंध लागतो. पण बीआउटक्यू ही चोरीची वाहिनी चालवणाऱ्यांवर फौजदारी कारवाई न करणं बसलं नाही. चोरांना मोकळं सोडल्याने कतारशी संपर्क कसा कमी होतो? शिवाय चोरी झाली त्यात इतर देशांच्या हक्कधारकांचाही माल होता. एकाच देशाचे दोन उपाय, आणीबाणी एकच, आणि एक टिकला, दुसरा पडला.

शरणपूर_वकील
पडला ठीक, पण अमेरिकेने ऐकलं का? पोलादावर २५ टक्के आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क, २०१८. डिसेंबर २०२२ मध्ये पॅनेल म्हणालं, जगातलं जादा उत्पादन ही काही आंतरराष्ट्रीय संबंधांतली आणीबाणी नव्हे. अमेरिकेने जानेवारी २०२३ मध्ये अपील केलं. ऐकायला अपील मंडळच नाही, नव्या नेमणुका अडल्याने डिसेंबर २०१९ पासून ते ठप्प आहे. निकाल हवेतच लटकला. आणि त्यांची भूमिका आजही तीच आहे, ‘मानतो’ हे अख्ख्या वाक्याला लागतं. व्याकरणाने ते चुकीचं आहे, असं मला कुणी दाखवलेलं नाही.

कलमवाचक
अंमलबजावणीबद्दल तुमचं खरं आहे, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. व्याकरणाचं बघू. कराराचा स्पॅनिश मसुदाही तितकाच अधिकृत आहे. त्यात फाट्यांच्या आधी ‘रेलातिवास’ असा शब्द येतो, स्त्रीलिंगी अनेकवचनी. ‘उपाय’ला तिथे स्त्रीलिंगी शब्द आहे, ‘हितं’ला पुल्लिंगी. म्हणजे फाटे उपायाला जोडलेले आहेत, हितांना नाही. यावरून सगळं सुटत नाही, हे मान्य. ‘मानतो’ किती लांब पोहोचतो हा वाद त्यानंतरही उरतो. पण फाटे ही उपायाची अट आहे, आणि अट पाळली का हे दुसऱ्याला बघता येतं.

अंबड_टर्निंग
मी वकील नाही, अंबडला जॉबवर्क करतो. एका युरोपीय गिऱ्हाइकाचा विमानाच्या भागाचा पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, आहे. परकीय व्यापार महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीएफटीकडे, स्कोमेटचा म्हणजे लष्करातही वापरता येणाऱ्या मालाच्या निर्यात परवान्याचा अर्ज पडून आहे, अंतिम वापराचं प्रमाणपत्र परत मागितलं. या कलमाखाली आम्हाला दाद मागता येईल का?

कलमवाचक
नाही मागता येणार. जिनिव्हात फक्त सरकारं भांडतात, कारखानदार नाही. तुमचा प्रश्न इथल्या फाइलीतच सुटेल. प्रमाणपत्र मधल्या व्यापाऱ्याच्या सहीचं दिलं असेल तर ते परत येणारच. भाग शेवटी ज्याच्या हातात जाणार त्याची सही हवी. आणि मालाचं वर्णन पीओ, प्रमाणपत्र आणि अर्ज या तिन्हींत शब्दशः एकच ठेवा. ड्रॉइंगवर एक नाव आणि अर्जात दुसरं असेल, तर समितीला तुमचा भाग तोच आहे हे ठरवता येत नाही.

पण तुमच्या प्रश्नाने एक मोकळी जागा दाखवली. दुहेरी वापराच्या मालाचे परवाने बहुधा दुसऱ्या फाट्यात बसवले जातात, लष्कराच्या पुरवठ्याच्या. त्यात आणीबाणी दाखवायची गरज नाही. जपानने जुलै २०१९ मध्ये कोरियाला जाणाऱ्या हायड्रोजन फ्लोराइडसह तीन रसायनांचे सरसकट परवाने बंद करून प्रत्येक खेपेला वेगळा परवाना लावला, तेव्हा हा फाटा तपासला जाईल असं वाटलं होतं. जपान म्हणत होता, नियंत्रणातल्या त्रुटी. कोरिया म्हणत होता, सक्तीच्या मजुरीबद्दल कोरियन न्यायालयाने जपानी कंपन्यांविरुद्ध दिलेल्या निकालाचा सूड. जुलै २०२० मध्ये पॅनेल नेमलं, आणि मार्च २०२३ मध्ये कोरियाने तक्रार मागे घेतली.

शरणपूर_वकील
आणि तिथेच माझा मुद्दा येतो. रसायन चिप बनवायला लागतं, चिप क्षेपणास्त्रातही जाते. ‘अप्रत्यक्षपणे’ लष्कराला पुरवठा, असे शब्दही कलमात आहेत. मग कुठलं यंत्र, कुठला धातू बाहेर राहतो?

कलमवाचक
माझ्या मते ‘पुरवठा करण्यासाठी’ यातल्या ‘साठी’वर थांबायला हवं. व्यापाराचा हेतू लष्कराला पुरवायचा असला पाहिजे. माल कधीतरी तिथे पोहोचू शकतो एवढं पुरू नये. पण असं वाचणारं पॅनेल अजून मिळालेलं नाही. चीनच्या गॅलियम-जर्मेनियमच्या परवान्यावर, ऑगस्ट २०२३ पासूनच्या, कुणी तक्रार पुढे नेली तर प्रश्न तिथेच अडेल.

गंगापूररोडकर
कोरा चेक हा शब्द मागे घेतो. ‘साठी’वर मात्र मी वकीलसाहेबांसोबतच आहे.