मदत हवी आहे: गाडी तोट्यात विकली, तो तोटा शेअर्सच्या नफ्यातून वजा होतो का?

मुलुंडकर_७१
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे, त्यामुळे भाड्याच्या लहान जागेत जाण्याआधी बरंच सामान काढून टाकलं. २०१८ साली ७,४०,००० ला घेतलेली गाडी २,९०,००० ला गेली. वडिलांनी १९७८च्या सुमारास करून घेतलेलं सागवानी डायनिंग टेबल, सहा खुर्च्या आणि कपाट ओशिवऱ्याच्या एका फर्निचरवाल्याने ८५,००० ला उचललं. तेव्हा वडिलांना सगळं मिळून दोनअडीच हजारांत पडलं होतं म्हणे!

याच वर्षी शेअर्स विकून ३,४०,००० चा दीर्घ मुदतीचा नफा झाला आहे. प्रश्न दोन. फर्निचरच्या ऐंशीबेऐंशी हजार नफ्यावर कर भरायचा का? आणि गाडीचा साडेचार लाखांचा तोटा शेअर्सच्या नफ्यासमोर दाखवला तर तिकडचा कर वाचेल का? मेहुण्यांच्या मते नक्की वाचेल.

सुहास_पार्ले
गाडी नेहमी तोट्यातच विकली जाते, म्हणून तिच्यावर कर नसतो. फर्निचरवर मात्र तुम्हाला नफा झालाय, त्यामुळे तो दाखवावा लागेल. आणि हो, जुन्या गाडीवर आता १८ टक्के जीएसटी आहे, तोही बघा.

हिशोबनीस
सुहास, कर नाही हे बरोबर, पण कारण ते नाही. तोट्यामुळे सुटका होत असती तर फर्निचर अडकलं असतं. प्रत्यक्षात दोन्ही एकाच दारातून बाहेर पडतात.

भांडवली नफ्याचा कर लागण्याआधी विकलेली वस्तू 'भांडवली मालमत्ता' असावी लागते. १९६१च्या कायद्याच्या कलम २(१४) मध्ये तिची व्याख्या आहे आणि त्या व्याख्येतूनच स्वतःच्या किंवा अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या वापरातल्या जंगम वस्तू वगळल्या आहेत. कपडे आणि फर्निचर यांचा तर तिथे नावानिशी उल्लेख आहे. म्हणून टेबल अडीच हजाराचं पंच्याऐंशी हजार झालं तरी कर नाही. २०२५च्या नव्या कायद्यातही ही सूट चालू ठेवली आहे.

आता मेहुण्यांचं. जिथे नफा मोजत नाहीत तिथे तोटाही मोजत नाहीत. साडेचार लाख तुमच्या खिशातून गेले हे खरं, पण आयकराच्या वहीत तो तोटा जन्मालाच आलेला नाही. मग तो शेअर्ससमोर मांडणार कसा? शेअर्सवर सव्वा लाखाची सूट वजा जाता उरलेल्या २,१५,००० वर साडेबारा टक्क्यांनी कर द्यावाच लागेल.

जीएसटी धंदा करणाऱ्या नोंदणीकृत विक्रेत्याला, तोही त्याच्या मार्जिनवर. घरगुती गाडी विकणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही.

डॉ_अंजली
माझी गाडी दवाखान्याच्या नावावर होती, तीही मी मागच्या वर्षी विकली. मलाही कर नाही ना? नऊ लाखांची होती, ३,८०,००० आले.

हिशोबनीस
डॉक्टर, तुमचं प्रकरण वेगळं आहे. त्या गाडीवर तुम्ही दरवर्षी पंधरा टक्के घसारा घेतला असणार, म्हणजे ती व्यवसायाची मालमत्ता झाली. समजा वहीत तिची किंमत घसरून ३,२०,००० राहिली होती आणि त्याच दराने घसारा मिळणाऱ्या मालमत्तांच्या गटात दुसरं काहीच नव्हतं, तर ६०,००० अल्प मुदतीचा नफा ठरतो, गाडी कितीही वर्षं वापरली असली तरी. गटात मशीन वगैरे शिल्लक असेल तर ३,८०,००० गटाच्या किमतीतून वजा होतात आणि पुढचा घसारा कमी मिळतो. गाडीचा काही भाग घरगुती म्हणून सोडला असेल, तर तो हिशोब तुमच्या सीएंनी कसा धरलाय ते आधी पाहा.

वास्तुरचना
मी आर्किटेक्ट आहे, ४४एडीए खाली निम्मं उत्पन्न दाखवतो, वह्याच ठेवत नाही. माझी गाडी साइटवरही जाते आणि गणपतीला कोकणातही. ती कुठे बसते?

हिशोबनीस
इथे खरी गोची आहे. ४४एडीए मध्ये घसारा मिळालाच असं गृहीत धरतात, पण तो व्यवसायात वापरलेल्या मालमत्तेचा. गाडी मुख्यतः घरची आहे असं तुम्ही म्हणू शकता, अधिकारी वेगळं म्हणू शकतो. मी याला ठाम उत्तर देणार नाही.

सुहास_पार्ले
पण मग कुणीही म्हणेल, 'माझी घरगुती गाडी'. विंटेज गाड्या लाखांत विकणाऱ्यांचं काय?

हिशोबनीस
नुसतं म्हणून चालत नाही. १९८३ साली वीस हजारांना घेतलेली १९३१ची फोर्ड पुढे २१ लाखांना विकली गेली, त्याचा वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ मध्ये निकाल करदात्याच्या विरोधात लागला. त्याच्याकडे कंपनीची गाडी होती, फोर्ड घरी उभी नसायची, देखभालीचा खर्च दाखवता आला नाही. गाडी घरगुती वापरासारखी असणं पुरेसं नाही, ती प्रत्यक्ष वापरलेली दिसली पाहिजे, असा त्याचा रोख आहे. मुलुंडकर, तुमच्याकडे विम्याची कागदं, सर्व्हिसची बिलं असतीलच, ती रद्दीत देऊ नका. आरसीची प्रत आणि विक्रीची पावतीही ठेवा, उद्या बँकेत आलेल्या पैशांबद्दल विचारलं तर हीच कामाला येतील.

मुलुंडकर_७१
आभारी आहे, हिशोबनीस. गाडी दोन वर्षं कव्हर घालून पार्किंगमध्ये पडून होती, पण त्याआधी रोज पवईला तिनेच जायचो. बिलं आहेत. अजून एक: दिवाणखान्यात एका चित्रकाराचं तैलचित्र होतं, तेही फर्निचरबरोबर सजावट म्हणूनच. ते १,६०,००० ला गेलं.

हिशोबनीस
तिथे मात्र थांबा. चित्रं, शिल्पं, कलाकृती, पुराणवस्तू आणि दागिने यांना ही सूट नाही. भिंतीवर शोभेला लावलं म्हणून ते फर्निचर होत नाही. ते वडिलांचं होतं ना? मग त्यांची खरेदी किंमत तुमची धरतात, आणि खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या दिवशीची बाजारभावाची किंमत घेता येते. मूल्यांकनकाराने ती ४०,००० ठरवली असं धरू. नफा १,२०,०००. साडेबारा टक्क्यांनी १५,०००, सेस धरून १५,६००. अहवाल नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडूनच घ्या, गॅलरीवाल्याचं तोंडी मत कामाचं नाही.

वैशाली_गोरेगाव
आमच्या सीएंनी फर्निचर विक्रीची रक्कम रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नात दाखवली होती. दाखवायची असते का?

हिशोबनीस
काही जण दाखवतात, प्रश्न येऊ नये म्हणून. माझ्या मते ते उत्पन्नच नाही, त्यामुळे दाखवायची गरज नाही. दाखवल्याने बिघडतही नाही.

वैशाली_गोरेगाव
आणि चांदीची ताटं? सणासुदीला आम्ही त्यातच जेवतो.

हिशोबनीस
ताई, ताटं जेवणातली असतील तर वापराच्या बाजूने बोलायला जागा आहे. पण १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने पूजेतल्या सोन्याचांदीच्या नाण्यांना वैयक्तिक वापराच्या वस्तू मानलं नव्हतं. वर्षातून एकदा कपाटातून बाहेर येणाऱ्या ताटांबद्दल मी पैज लावणार नाही. विकण्याआधी तुमच्या सीएंशी बोला, आणि रोख घ्यायची झाली तर एका विक्रीत दोन लाखांच्या आतच घ्या.