रंगाचे २२ हजार डिपॉझिटमधून कापणं बरोबर आहे का?

प्राजक्ता, कोथरूड: तीन वर्षं राहिलो. भाडं २२,०००, डिपॉझिट ६६,०००. महिनाअखेरीस घर सोडतोय. मालक म्हणतात, रंगाचे २२,००० आणि साफसफाईचे ३,५०० कापणार. करारात रंगाबद्दल एक ओळही नाही. पूर्ण पैसे कसे मिळवायचे?

वाकडकर: शेवटचे तीन महिने भाडंच द्यायचं नाही, हिशोब फिटला. शिवाय दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदा आहे.

सुनंदा: वाकडकर, दोन महिन्यांची मर्यादा केंद्राच्या २०२१च्या नमुना कायद्यात आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. आणि भाडं थांबवलंत तर थकबाकीदार तुम्हीच ठरता.

प्राजक्ता, तीन वर्षांत रंग फिका पडणारच, ती वापराची झीज. करारात कलम नसेल तर तो खर्च मालकाचा. तुम्ही पाडलेली भोकं, फुटलेलं बेसिन मात्र तुमच्या माथी. नोंदणीकृत कराराच्या मागे पंखे, गीझर, दिवे यांची यादी असते. ती हातात धरून मालकांसोबत एकेक खोली फिरा, व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग आणि किल्ल्यांची संख्या लिहून दोघांच्या सह्या घ्या. कापायचं ते बिलावरच, अंदाजावर नाही.

बाणेरचा घरमालक: भोकं बुजवली की त्या जागी ठिगळ दिसतं, मग अख्खी भिंत रंगवावी लागते. स्वयंपाकघरात ओट्यामागच्या भिंतीवर तेलाचा थर बसलेला असतो. त्यालाही झीजच म्हणायचं? नवा भाडेकरू तसं घर बघून परत जातो, रिकामा महिना आम्ही सोसतो.

सुनंदा: एका भिंतीचे पैसे घ्या, अख्ख्या घराचे कशाला? तेलाचा थर घासून निघत नसेल तर तुमचं म्हणणं मला पटतं.

मयूर, बेंगळुरू: आमच्याकडे एक महिन्याचं भाडं रंगासाठी कापणार असं करारातच छापलेलं असतं. मी न वाचता सही केली, ३०,००० गेले. भांडायला जागाच उरली नाही.

देशपांडेकाका: माझंही डिपॉझिट अडकलंय, महावितरणकडे. मीटर बंद करून वर्ष झालं.

सुनंदा: काका, ते वेगळं. त्यासाठी मूळ पावती घेऊन उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या.

प्राजक्ता: काल मालकांसोबत घर फिरलो. टीव्हीच्या भिंतीचे २,५००, बाथरूमच्या नळाचे बिलाप्रमाणे १,४००, शेवटचं लाइट बिल १,८४०. म्हणजे ५,७४० वजा जाऊन ६०,२६० उरतात. प्रवेशाच्या दिवशी मी हॉलच्या ओल आलेल्या कोपऱ्याचा फोटो त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, तो दाखवल्यावर त्या भिंतीचा विषय संपला. साफसफाईवरून मात्र अजून अडलंय. आणि पैसे किल्ली दिल्यावर महिन्याभराने देतो म्हणतात.

सुनंदा: करारात परतीचं कलम कसं आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी ताबा देतानाच पैसे परत असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर पैसे खात्यात जमा झालेले बघूनच किल्ली द्या. पण मुदत संपल्यावर किल्ली धरून बसू नका, कायद्याने दुप्पट भाडं मागता येतं.

बाणेरचा घरमालक: नवा भाडेकरू डिपॉझिट देतो, त्यातूनच जुन्याचं फेडतो आम्ही. माझ्यासारख्याकडे रोख पडून नसते, हेही समजून घ्या.