घरमालकांना 'फायबर आत घेऊ का?' असं विचारलं होतं तेव्हा...

शेवंती_क

आज सकाळी आमच्या भाडेकरू मुलीचा मेसेज आला. "काकू, फायबर घ्यायचंय. वायरसाठी भिंतीला भोक पाडावं लागेल म्हणतात. चालेल ना?" वाचल्या वाचल्या मनात आलं, नाही. आणि मग माझं मलाच हसू आलं, कारण जून 2020 मध्ये अगदी हाच मेसेज मी पाठवला होता. आम्ही तेव्हा कर्वेनगरला भाड्यानं राहत होतो, घरमालक काका साताऱ्याला. घरी आमचे दोघांचे कॉल, लेकीची शाळा, सगळं एका मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. काकांचं उत्तर एका ओळीत आलं, "भिंतीला हात लावायचा नाही."

दोन दिवस रुसून बसले. मग केबलवाल्या मुलाला घर दाखवलं, त्यानं बेडरूममधल्या एसीच्या भोकाकडे बोट दाखवलं, आणि मी पुन्हा लिहिलं. जुन्या फोनमध्ये अजून आहे, तसंच देते:

"काका नमस्कार. परवा मी नीट विचारलं नव्हतं. नवीन भोक पाडणार नाही. बेडरूममध्ये एसीच्या पाइपचं भोक आहे त्यातूनच केबल आत येईल. केबल चपटी आहे, चार्जरच्या वायरीएवढी. गच्चीवरून नाही, जिन्याजवळच्या डक्टमधून येईल, सेक्रेटरींना विचारलं आहे, ते हो म्हणाले. आत सहा फूट पांढऱ्या पट्टीतून जाईल, पट्टी टेपनं चिकटवू, रंग निघाला तर तेवढा भाग आम्ही रंगवून देऊ. कनेक्शन आणि बिल माझ्या नावावर. भोक सिलिकॉननं बंद करून फोटो पाठवते. घर सोडताना केबल ठेवायची की काढायची ते तुम्ही सांगाल तसं. जागेचे दोन फोटो जोडले आहेत."

काकांनी मेसेजला उत्तर दिलंच नाही, फोन केला. पहिला प्रश्न, "पाणी येणार नाही ना गं त्यातून?" मग सगळं कळलं. आधीच्या भाडेकरूनं टीव्हीच्या छत्रीसाठी हॉलच्या भिंतीला भोक पाडून ते तसंच सोडलं होतं, दोन पावसाळे भिंत ओली राहिली, खालच्यांशी भांडण झालं ते वेगळं. त्यांचं नेटशी काहीच वाकडं नव्हतं.

तुम्ही काय लिहिलं होतं? काय उत्तर आलं? सांगा.

मनीमाऊची आई

आमच्या मालकांना मी लिहिलं "फायबर बसवू का". ते म्हणाले बसव, बाथरूमचा दरवाजा कुजलाच आहे, अर्धे पैसे मी देतो 😂 त्यांना फायबरचा दरवाजा वाटला. पैसे घेतले आणि दरवाजाच बसवला. नेट नंतर.

दुपारचा_चहा

😂😂 आमच्याकडेही दरवाजा कुजलाय, केवढ्याला पडला?

मनीमाऊची आई

विपु करते.

चार_भाडेकरू_झाले

मी घरमालक आहे, मलाही बोलू द्या. चार भाडेकरू झाले, प्रत्येकाची कंपनी निराळी. आज माझ्या गॅलरीच्या भिंतीत तीन भोकं आहेत आणि चार मेलेल्या वायरी लोंबतायत. प्रत्येकानं 'काका, छोटंसं भोक' असंच लिहिलं होतं. आता करारातच टाकतो की लेखी विचारल्याशिवाय ड्रिल नाही. शेवंतीताई, तुमच्यासारखा मेसेज आला असता तर मी फोनसुद्धा केला नसता, लगेच हो म्हटलं असतं. कुठून येणार आणि मागे काय राहणार, एवढंच मला कळायला हवं असतं.

जोडारी_नाशिक

आमचं रोजचं काम हेच, म्हणून लिहितो. जेवणाची सुट्टी आहे, थोडक्यात.

भोक किती मोठं हे केबल कशी आणली त्यावर आहे. नुसती ड्रॉप केबल आत ओढून मग आत जोड मारला तर 6 ते 8 मिमी पुरतं, म्हणजे करंगळीही जात नाही. पण तयार हिरवं टोक लावलेली केबल आणली तर ते टोक जायला 12 मिमी तरी लागतं. घाईत असलेला पोरगा तयार टोकवाली आणतो कारण जोडायचं मशीन वर आणायला नको. म्हणून मेसेज करायच्या आधी त्याला एवढंच विचारा, "जोड आत मारणार की टोक लावून आणलंय?" मग मालकाला मिमीत सांगता येतं. 'छोटंसं भोक' म्हणजे कुणाला किती वाटेल सांगता येत नाही.

पाण्याचं म्हणाल तर सिलिकॉन ही नंतरची गोष्ट. भोक आतून बाहेर उतरतं पाडायचं, म्हणजे पाणी आत चढत नाही. आणि केबल बाहेरून आत शिरायच्या आधी खाली एक झोल सोडायचा. पावसाचं पाणी केबलवरून ओघळतं, ते झोलाच्या तळाला टपकतं, भोकापर्यंत जात नाही. साताऱ्याच्या काकांची भिंत ओली झाली ती या दोनपैकी एका कारणानं असणार.

टेक_अण्णा

बरोबर. पण एक सांगतो, लाइटच्या पाइपमधून फायबर कधीच आणू नये. करंटमुळे नेट स्लो होतं. आमच्या मालकांनी तेच सांगून नाही म्हटलं आणि ते बरोबर होते.

जोडारी_नाशिक

अण्णा, नाही म्हटलं ते ठीक, कारण चुकीचं. काचेतून उजेड जातो, त्याला शेजारच्या करंटचं काही होत नाही. अडचण अशी की त्या पाइपात आधीच वायरी ठासून भरलेल्या असतात, आणि उद्या इलेक्ट्रिशियननं स्प्रिंग घातली की आपली केबल वळते नाहीतर तुटते. शिवाय बाहेरच्या काही केबलला आधाराची लोखंडी तार असते, ती त्या पाइपात अजिबात नको. टेलिफोनचा जुना पाइप असला तर तो सोनं. हॉलमध्ये टेलिफोनची डबी असतेच की, उघडून बघा.

टेक_अण्णा

आमची स्लो झाली होती हे मात्र खरं.

जोडारी_नाशिक

उजेडाची पॉवर किती येत होती?

टेक_अण्णा

ते कोण बघतंय. कनेक्शन बदललं.

दुपारचा_चहा

टेलिफोनची डबी!! आमच्या घरात ती आहे, मी तिच्यावर गणपतीचं कॅलेंडर लावलंय. आत्ता उघडून बघते.

खिडकीतली_उन्हं

शेवंती, एसीच्या भोकाचा एक अनुभव. आमच्या मालकीणबाईही त्यालाच हो म्हणाल्या होत्या. सगळं छान. मार्चमध्ये एसी सर्व्हिसिंगला माणूस आला, त्यानं पाइपभोवतीची पुट्टी काढली, केबल ओढून बाजूला दुमडली आणि टेप गुंडाळून गेला. संध्याकाळी मोडेमवर लाल दिवा. तीन दिवस नेट नाही आणि मालकीणबाईंना वाटतंय मी काहीतरी केलं. सासूबाई म्हणाल्या मांजर. मांजराचा काही संबंध नव्हता हे नोंदवून ठेवते.

मनीमाऊची आई

मांजराला नेहमी दोष. निषेध.

जोडारी_नाशिक

लाल दिवा म्हणजे बहुधा उजेड पोचतच नाही. अशा वेळी आम्ही एका टोकाला लाल लेझर मारतो, जिथे दुमडलेली असते तिथे केबल बाहेरून लाल चमकते, अंधारात तर दुरून दिसते. कधी दिवा लाल होत नाही, पॉवर फक्त पडते. मायनस 18-20 छान, मायनस 27 च्या पुढे गेलं की साधारण चालू-बंद सुरू होतं. आकडा कारागिराकडून बसवल्या दिवशीच लिहून घ्या. नंतर वाद झाला तर केबल आधी नीट होती हे दाखवता येतं. आणि एसीच्या भोकात पाइपला चिकटवून नको, वरच्या बाजूनं सैल जाऊ द्या.

लंडन_मधला_पाऊस

इथे लंडनमध्ये भाडेकरूनं मालकाला विचारून भागत नाही. फ्लॅटच्या इमारतीत कंपनीला इमारतमालकाची वेगळी लेखी परवानगी लागते, तिला वेलीव्ह म्हणतात. आमच्या इमारतमालकांनी कंपनीच्या पत्रांना उत्तरच दिलं नाही, सात-आठ महिने आम्ही नुसते वाट बघत होतो. अशा उत्तर न देणाऱ्यांसाठी 2021 मध्ये एक कायदा झाला, कंपनी न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. आमच्या बाबतीत तोवर मीच घर बदललं.

चार_भाडेकरू_झाले

म्हणजे तिकडचे मालक आमच्याहून वाईट. बरं वाटलं.

जोडारीसाहेब, ज्या मेलेल्या केबल लोंबतायत त्या पुढच्या भाडेकरूला वापरता येत नाहीत का?

जोडारी_नाशिक

कंपनी तीच असेल तर येतात. आत टोकाला डबी आणि थोडं वेटोळं सोडलेलं असलं तर पाच मिनिटांचं काम. वेगळ्या कंपनीचा माणूस दुसऱ्याच्या केबलला सहसा हात लावत नाही, आणि लावला तरी ती खाली कुठे जाते हे कुणाला माहीत नसतं. म्हणून केबल काढताना मुळापासून कापायला सांगू नका. हात-दीड हात वेटोळं करून, टोकाला टोपी लावून, कंपनीचं नाव लिहून ठेवायचं.

चार_भाडेकरू_झाले

माझं उलट मत आहे, नेऊ दे सगळं. माझ्या गॅलरीत तुमची वेटोळी कशाला?

खिडकीतली_उन्हं

ह्यावर आमच्या सोसायटीच्या सभेत दीड तास गेला होता आणि मग पार्किंगवर घसरले.

दुपारचा_चहा

डबी उघडली. आत मुंग्या आणि एक 2003 ची पावती. पाइप रिकामा दिसतोय!! पण स्प्रिंग कुठे मिळते? आणि हो, मालक दुबईत आहेत, त्यांना काय लिहू? भोक नाहीच तर विचारायचं कशाला असं हे म्हणतायत.

शेवंती_क

विचार गं. दोन ओळी लिही, डबीचा फोटो टाक. उद्या त्यांच्या भावानं येऊन बघितलं तर तुझ्याकडे त्यांचं 'ओके' असलं पाहिजे. मी काकांचं तोंडी हो ऐकून गप्प बसले नाही. फोन ठेवल्यावर लिहिलं, "काका, आत्ता बोलल्याप्रमाणे एसीच्या भोकातून केबल घेते आहे." त्यांनी अंगठा टाकला. घर सोडताना डिपॉझिटचा हिशेब त्यांच्या मुलानं केला, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो अंगठाच दाखवला.

मनीमाऊची आई

अंगठा 👍 हा पुरावा. घ्या.

लंडन_मधला_पाऊस

शेवंती, मग आजच्या मुलीला काय उत्तर दिलंस?

शेवंती_क

आधी कडक लिहिलं होतं, खोडलं. मग लिहिलं, "कुठून आणणार ते फोटोत दाखव, आणि जोड आत मारणार की टोक लावून आणलंय ते त्या मुलाला विचार." (जोडारी, तुमचंच वाक्य ढापलं.) तिनं पाच मिनिटांत फोटो पाठवला, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वर पेन्सिलनं फुली. आमच्या त्या फ्लॅटला एसीचं भोक नाही, एसीच नाही.

जोडारी_नाशिक

खिडकीच्या लगेच वर असेल तर तिथे लिंटल असतो, आत सळया. ड्रिल अडतं, मग पोरगं जोर लावतं आणि बाहेरचं प्लास्टर खपली होऊन पडतं. फुली चौकटीच्या बाजूला, लिंटलच्या खाली घ्यायला सांगा, आणि शेवटच्या इंचाला हॅमर बंद करून सावकाश. पण स्वयंपाकघर म्हणताय, त्या भिंतीतून सिंकचा नळ कुठल्या बाजूनं वर जातो?

शेवंती_क

डावीकडून... की उजवीकडून? अकरा वर्षं राहिलोय त्या घरात आणि आठवत नाही. ह्यांना विचारते. थांबा, कुकर झाला.