मदत हवी आहे: करंडकाच्या ८० × ३० मिमी पट्टीवर मराठी मजकूर बसत नाही

वाचनालयाची_ताई: नमस्कार मंडळी. गड्डा यात्रा उरकली की आमच्या वाचनालयाची वक्तृत्व स्पर्धा आहे, आणि आजोबांच्या नावाचा करंडक मी देते आहे. पायथ्याची पितळी पट्टी ८० मिमी रुंद, ३० मिमी उंच. मजकूर असा दिला होता:

कै. … गुरुजी यांच्या स्मरणार्थ
… वाचनालय, सोलापूर आयोजित
आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा २०२६
प्रथम क्रमांक
हार्दिक अभिनंदन!

नमुन्याच्या पट्टीवर ‘वक्तृत्व’मधल्या ‘क्तृ’चा नुसता ठिपका झालाय. आजोबांचं नाव तरी स्वच्छ वाचता आलं पाहिजे हो. काय करू?

पेठेतला_पोरगा: ताई, अक्षर बोल्ड करायला सांगा, उठून दिसेल.

खोदकाम_२२वर्षे: दादा, बारीक रेघ पितळेवर हरवते हे खरं. पण बोल्ड केलं की जोडाक्षरातली पोकळी बुजते, म्हणजे ‘क्तृ’ आणखी बिघडेल.

ताई, हिशोब बघा. वर-खाली ३-३ मिमी सोडले की २४ उरतात. पाच ओळी म्हणजे ओळीला पाच मिमीसुद्धा नाहीत, आणि त्यातच वरची वेलांटी, खालचा उकार. मूळ अक्षराला जेमतेम दोन मिमी मिळतात. इंग्रजी त्यात निभावतं, मराठी नाही. मी तीन मिमीच्या खाली जात नाही. म्हणून तीनच ओळी ठेवा:

कै. … गुरुजी स्मृती करंडक
वक्तृत्व स्पर्धा २०२६
प्रथम क्रमांक

पहिली ओळ मोठी घ्या. ‘यांच्या स्मरणार्थ’चं काम ‘स्मृती’ करतं. अभिनंदन प्रमाणपत्रावर शोभतं, करंडकावर नको. आयोजकांचं नाव लाकडी सन्मानफलकावर घ्या, तिथे जागा भरपूर असते.

शाळेतले_सर: आमच्या फिरत्या ढालीवर दरवर्षी विजेत्याची छोटी पट्टी लावतो. एकदा ‘यांना प्रदान’ लिहायला गेलो आणि मुलीचं आडनाव अर्धंच बसलं. आता फक्त नाव आणि वर्ष.

वाचनालयाची_ताई: सर, आमचा करंडक फिरता नाही, विजेता घरी नेणार. पण ‘कै. श्री.’ असं दोन्ही लिहायचं का? काकांचा आग्रह आहे.

शाळेतले_सर: ‘कै.’ आलं की ‘श्री.’ नको. पुढे ‘गुरुजी’ आहेच.

पेठेतला_पोरगा: आमच्याकडे सगळे ‘कै. श्री.’च लिहितात, सर. पत्रिका काढून बघा.

खोदकाम_२२वर्षे: ते घरच्यांनी ठरवावं. माझी विनंती वेगळी आहे. कोरलड्रॉमध्ये मजकूर तपासून झाला की Ctrl+Q दाबून अक्षरांच्या आकृत्या करूनच फाइल द्या. दुकानात तुमचा फॉन्ट नसला तर ‘स्मृती’चं काहीही होतं. आधीची प्रत मात्र जपून ठेवा, Ctrl+Q नंतर अक्षर दुरुस्त होत नाही. मग खऱ्या मापात कागदावर छापा. Fit to page लागलेलं नको, नाहीतर माप बदलतं. कागद कापून करंडकावर चिकटवा आणि हातभर अंतरावरून वाचा.

वाचनालयाची_ताई: आत्ताच चिकटवून पाहिलं. ‘वक्तृत्व’ स्पष्ट वाचता येतंय. आईनंही चष्म्याशिवाय आजोबांचं नाव वाचलं. ‘श्री.’चं काकांशी बोलते. फाइल उद्या देणार.