मदत हवी आहे : पायलटची सरासरी चांगली आहे, पण प्रणाली सर्वत्र लागू करावी का?

खर्चाच्या बिलांची नवी मंजुरी प्रणाली कंपनीभर लागू करण्यापूर्वी आम्ही दोन विभागांत पायलट घेतला असून, दहापैकी किमान आठ बिले तीन दिवसांत मंजूर व्हावीत, हा निकष सुरुवातीलाच लेखी ठरवला होता. एकत्रित आकडा निकषाच्या वर आहे. मात्र तो मुख्यालयामुळे वर गेला आहे, आणि फिरतीवरच्या विक्री विभागात जवळपास निम्मी बिले अडकली, कारण तेथील अधिकारी मोबाइलवरूनच मंजुरी देतात. शिवाय पायलटमध्ये प्रकल्पाचे लोक शेजारी बसून मदत करत होते. ती सर्वत्र मिळणार नाही, याची मला अधिक काळजी वाटते. आता निकष सैल करणे मला अयोग्य वाटते. विक्री विभागात या मदतीशिवाय पुन्हा पायलट घ्यावा, की सध्या मुख्यालयापुरताच होकार द्यावा? अनुभवी सदस्यांनी कृपया कारणांसह सांगावे.