"काय करून राहिली.." : अनुभव धागा

मनीषनगरवाली
माझी वहिनी इतवारीत राहते. दुपारी तिचा मेसेज ठरलेला असतो, "काय करून राहिली 😊". मागच्या आठवड्यात नुसतं "काय करून राहिली.." आलं. हसरा चेहरा गायब आणि शेवटी दोन ठिपके. एरवी मी भाजी काय केली इथपासून सुरू करते. त्या दिवशी "निवांत बसली आहे, बोल ना वहिनी" एवढंच लिहिलं. मग तिने पोराच्या निकालाचं सांगितलं.
तुम्हाला असं एकदोन शब्दांवरून काय कळलं, उत्तर कसं बदललं आणि शेवटी काय निघालं, ते लिहा. काहीच निघालं नाही, असे अनुभवही सांगा.

बजाजनगर_हॉस्टेल
यात काय कठीण आहे? पूर्णविराम म्हणजे राग. रूममेटने "हो." पाठवलं की मी समजतो, भाऊ आज तापलेला आहे. 2015 साली अमेरिकेत यावर अभ्यास झाला, त्यातही हेच निघालं.

सक्करदरा_आजोबा
मी सगळ्यांनाच "नमस्कार... कसे आहात... सवडीने कळवा..." असं लिहितो. नातू एकदा विचारता झाला, "आबा, माझ्यावर नाराज आहात का?" मला प्रश्नच कळेना. पोस्टकार्डावर जागा कमी असायची. एक विषय संपवून दुसऱ्याकडे वळताना आम्ही ठिपके टाकायचो, तीच सवय हाताला राहिली. मला तर पूर्णविरामाने तुटक वाटतं, ठिपक्यांनी बोलणं मोकळं राहतं.

परसोडीची_चॅटवाली
आठ तास लोकांचे मेसेज वाचणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
हॉस्टेलवाल्या दादा, तो अभ्यास बिंगहॅम्टन विद्यापीठातला. त्यात इंग्रजीतली एकेका शब्दाची उत्तरं होती. पूर्णविराम असलेलं उत्तर वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचं वाटलं, इतकंच. रागाचं त्यात नव्हतं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तर तो फरकही दिसला नाही.
खूण एकटी वाचायची नसते, त्या माणसाच्या नेहमीच्या लिहिण्याशी ताडून बघायची. आबांचे ठिपके रोजचे आहेत, त्यांत काही शोधू नये. आमच्या टीममधला एक मुलगा रोज "गुड मॉर्निंग मॅडम 🙏😊" लिहिणारा. एका रात्री दहा वाजता त्याचं "मॅडम..." आलं. वेळ वेगळी, इमोजी नाही आणि ठिपके त्याने आधी कधी टाकलेले नव्हते. तीन गोष्टी एकदम बदलल्या म्हणून मी थांबले. "काय झालं??" असं मी मुद्दाम लिहिलं नाही, दोन प्रश्नचिन्हांनी घाबरलेला माणूस अजून आवळतो. "बोल, मोकळी आहे" लिहिलं. पाच मिनिटं "टायपिंग" दिसायचं आणि जायचं. मग लिहिलं, "लिहायला जड जात असेल तर फोन कर, उचलते." लगेच फोन आला. वडिलांना मेडिकलला भरती केलं होतं आणि सकाळची शिफ्ट कशी सोडायची, हे त्याला विचारवत नव्हतं.
एकच गोष्ट बदललेली असली तर मी नेहमीसारखंच उत्तर देते आणि पुढच्या मेसेजची वाट बघते.

गोकुळपेठ_काकू
माझ्या फोनात पूर्णविराम आपोआप पडतो. तो कसा बंद करायचा, कोणी सांगेल काय?

परसोडीची_चॅटवाली
काकू, स्पेस दोनदा दाबली गेली की तो पडतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये Double-space period सापडलं तर ते बंद करा. हॉस्टेलवाल्या दादा, तुमच्या रूममेटचंही हेच असू शकतं.

बजाजनगर_हॉस्टेल
त्याचा फोन बघतो. पण फक्त "हो."लाच पडतो, मोठ्या मेसेजला नाही, त्याचं काय?

महाल_दुकान
माझं कपड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाचं "भाऊ 🙏" येतं तेव्हा माझी पंचाईत होते. कुणी नमस्कार म्हणून टाकतो, कुणी उधारीला मुदत मागायला, आणि कुणाला "बस, आता बोलणं पुरे" म्हणायचं असतं. मी "बोला भाऊ, काय सेवा?" लिहितो. मुदत हवी असलेला माणूस लगेच लिहीत नाही, अर्ध्या तासाने फोन करतो. तिसऱ्या प्रकारचा मला अजून ओळखता येत नाही.

धरमपेठ_भाचा
मावशी दर मेसेजला 🌹🌹 टाकायची. महिनाभर फक्त "बरं आहे" येत आहे. मी उत्तरं लांब केली, विचारपूस वाढवली, तरी तेच.

परसोडीची_चॅटवाली
फोन बदलला काय त्यांनी? नव्या फोनात आधी वापरलेल्या इमोजींची ओळ रिकामी असू शकते. शोधता येत नसेल तर गुलाब बंद होतात.

धरमपेठ_भाचा
फोन दिवाळीत बदलला, गुलाब त्यानंतरही येत होते. म्हणजे ते कारण नाही. आता मेसेज पुरे, उद्या संध्याकाळी घरीच जातो.